आधी ऐका, मग पुसा: फ्रेंच अलेक्सा ॲपमध्ये आवाजी खरेदी बंद करणे आणि साठलेली रेकॉर्डिंग तपासणे

अलेक्सा या आवाजी मदतनीसावर चालणारा ॲमेझॉनचा एको स्पीकर फ्रान्समध्ये जून 2018 मध्ये विक्रीला आला. आज लिऑन, तुलूझ किंवा पॅरिसच्या उपनगरातल्या अनेक मराठी घरांतही तो असतो आणि बहुतेक वेळा त्याची भाषा फ्रेंच ठेवलेली असते. मुलं फ्रेंच शाळेत जातात, त्यांना त्याच भाषेत गाणी आणि गोष्टी हव्या असतात, हे त्यामागचं साधं कारण. अडचण येते ती सेटिंग बदलताना. ॲप फ्रेंच, घरातलं बोलणं मराठी, आणि बिल मात्र आई-बाबांच्या कार्डावर.

या लेखात दोन कामं करायची आहेत: स्पीकरला सांगून खरेदी होणं बंद करणं, आणि आत्तापर्यंत काय काय रेकॉर्ड झालंय ते तपासणं. ही कामं कोणत्या क्रमाने करायची याला फार महत्त्व आहे. बहुतेक लोक घाबरून आधी सगळी रेकॉर्डिंग पुसून टाकतात. मग न मागवलेली वस्तू दारात आली, तर ती कोणाच्या आवाजावर मागवली गेली हे कळायला काहीच उरत नाही. म्हणून आधी खरेदी बंद करायची, मग ऐकायचं, आणि पुसायचं सगळ्यात शेवटी.

सुरुवातीला खातं तपासा

एको स्पीकर एका ॲमेझॉन खात्यावर नोंदलेला असतो आणि त्याच्यावरून होणारी खरेदी त्या खात्यावर पडते. घरात दोघांचीही खाती असतील आणि तुम्ही तुमच्या फोनवर स्वतःच्या खात्याने ॲप उघडलं असेल, तर स्पीकर ज्या खात्यावर आहे त्याची सेटिंग तुम्हाला दिसणारच नाही. ॲपच्या खालच्या पट्टीतलं `Appareils` उघडा आणि तुमचा स्पीकर यादीत आहे का बघा. नसेल, तर तुम्ही चुकीच्या खात्यात आहात.

भारतातून येताना एको सोबत आणलेल्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. खातं अजून भारतातल्या दुकानाशी जोडलेलं असेल, तर खरेदी आणि रेकॉर्डिंगची पानंही amazon.in वर असतात. amazon.fr वर ती शोधत बसलात तर सापडणार नाहीत.

भाषेबद्दल थोडंसं. ॲपच्या मेनूची भाषा फोनच्या भाषेवर ठरते, आणि स्पीकरची भाषा स्पीकरच्या सेटिंगमध्ये वेगळी ठरते. फोन इंग्रजीत केलात तर ॲप इंग्रजीत दिसेल, स्पीकर फ्रेंचच बोलत राहील. पण अनेक घरांत ॲप मुलांच्या टॅबलेटवर किंवा फ्रेंच ठेवलेल्या फोनवर असतं, म्हणून इथे फ्रेंच नावंच दिली आहेत. ॲपच्या आवृत्तीनुसार या नावांत एखादा शब्द इकडचा तिकडे होतो. त्यामुळे पूर्ण वाक्य न शोधता त्यातला मुख्य शब्द शोधा. `Achat` म्हणजे खरेदी, `vocal` म्हणजे आवाजाचा, `enregistrement` म्हणजे रेकॉर्डिंग, `historique` म्हणजे आजवरच्या नोंदी, आणि `supprimer` म्हणजे पुसणे. हे पाच शब्द ओळखता आले की ॲपमध्ये वाट चुकत नाही.

आवाजी खरेदी बंद करणे

ॲप उघडा. खालच्या पट्टीत उजवीकडे `Plus` आहे, त्यावर बोट ठेवा. त्यातून `Paramètres` मध्ये जा आणि तिथे `Paramètres du compte` उघडा. ही खात्याची सेटिंग आहे, एका स्पीकरची नाही. म्हणजे घरात दोन-तीन स्पीकर असले तरी बदल एकदाच करावा लागतो. या यादीत `Achats vocaux` दिसेल. ते उघडल्यावर सगळ्यात वर एक बटण असतं. ते सरकवून बंद करा.

त्याच पानावर खरेदी पक्की करण्याच्या पद्धतीही दिसतात. त्यातली एक म्हणजे चार आकडी कोड, जो खरेदीच्या वेळी मोठ्याने बोलून सांगायचा असतो. दुसरी, ओळखीच्या आवाजांनाच परवानगी देणं. खरेदीची सोय पूर्ण बंद नको असेल तर हे पर्याय आहेत. पण लहान मुलं असलेल्या घरात कोडवर भरवसा ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. जो कोड बैठकीच्या खोलीत मोठ्याने उच्चारावा लागतो तो सहा वर्षांच्या मुलाला दुसऱ्या खेपेला पाठ झालेला असतो. आवाजाची ओळख त्यापेक्षा बरी आहे, पण ती कुलूप म्हणून बनवलेली नाही. घरातल्या माणसांचे आवाज एकमेकांसारखे असतात. आठवड्याचा किराणा खरोखरच बोलून मागवत नसाल, तर सरळ बंद करावं.

बंद केल्याने खरेदीची यादी जात नाही. दूध, कांदे, साबण असं यादीत टाकायला सांगता येतं, ती यादी ॲपमध्ये राहते आणि पैसे कुठेच कापले जात नाहीत. बहुतेक घरांची गरज एवढ्यावर भागते.

आता तपासणी, ही टाळू नका. स्पीकरला म्हणा, «अलेक्सा, कोमाँद दे पिल», म्हणजे बॅटरीचे सेल मागव. खरेदी चालू असेल तर तो एखादी वस्तू आणि तिची किंमत सांगून घेऊ का असं विचारतो. तसं झालं तर लगेच «नों» म्हणा आणि पुन्हा ॲपमध्ये जा. बहुधा तुम्ही दुसऱ्याच खात्यात बटण बंद केलेलं असतं. सगळं नीट झालं असेल तर स्पीकर खरेदी पक्की करण्यापर्यंत जातच नाही. तरीही शेवटची खात्री amazon.fr वर `Vos commandes` उघडून करा. तिथे नवी ऑर्डर नसली म्हणजे झालं.

एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. वस्तूंची खरेदी वेगळी आणि वर्गणी वेगळी. स्पीकर कधी कधी संगीतसेवेची मोफत चाचणी देऊ करतो, आणि घरातल्या कुणी तेव्हा «वी» म्हणजे हो म्हटलं की चाचणी सुरू होते, मुदतीनंतर दरमहा पैसे जायला लागतात. म्हणून ॲमेझॉनच्या खात्यात `abonnements` हा शब्द असलेलं पान उघडून काय काय चालू आहे ते वेगळं बघा आणि नको असलेलं तिथेच थांबवा.

हे सगळं कशासाठी, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जानेवारी 2017 मध्ये टेक्सासमधल्या एका सहा वर्षांच्या मुलीने स्पीकरशी बोलता बोलता बाहुलीघर मागवलं. सान दिएगोच्या एका वाहिनीने ही बातमी देताना निवेदकाने ते वाक्य उच्चारलं, आणि काही प्रेक्षकांच्या घरातल्या स्पीकरांनी ते ऐकून प्रतिसाद दिल्याच्या तक्रारी आल्या. स्पीकर शब्द ऐकतो. ते घरातल्या माणसाने म्हटले की टीव्हीने, हे त्याला वेगळं काढता येईलच असं नाही.

रेकॉर्डिंग ऐकणे

पुन्हा `Plus`, मग `Paramètres`, आणि आता `Confidentialité` हा शब्द असलेली ओळ. आत `historique` असलेली ओळ उघडा. ती तुम्हाला आवाजी नोंदींच्या पानावर नेते. मोठ्या पडद्यावर बसून ऐकायचं असेल तर संगणकाच्या ब्राउझरमध्ये हा पत्ता उघडा:

```
https://www.amazon.fr/alexaprivacysettings
```

वर तारखेची चाळणी असते. ती बहुधा फक्त आजच्या दिवसावर ठेवलेली असते, आणि म्हणूनच कित्येकांना वाटतं की आपल्याकडे फारसं काही साठलेलं नाही. ती वाढवून बघा. चाळणीत स्पीकरही निवडता येतो, म्हणजे मुलांच्या खोलीतला वेगळा आणि स्वयंपाकघरातला वेगळा.

प्रत्येक नोंदीत स्पीकरने काय ऐकलं याचा लिहिलेला मजकूर, वेळ आणि स्पीकरचं नाव असतं. नोंद उघडली की ऐकण्याचं बटण येतं. फ्रेंच घरातला माणूस इथे नुसता मजकूर वाचत खाली जातो आणि त्याचं काम होतं. मराठी घराला ते पुरत नाही, आणि या लेखातला सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे.

स्पीकरची भाषा फ्रेंच ठेवली की त्याच्या कानाला फक्त फ्रेंच शब्द माहीत असतात. तुमचं मराठी वाक्य त्याच्यापर्यंत गेलं, तर तो ते जवळच्या फ्रेंच शब्दांत बसवायचा प्रयत्न करतो किंवा कळलं नाही अशी नोंद करतो. त्यामुळे यादीत एखादी विचित्र, अर्थहीन फ्रेंच ओळ दिसते, आपण ती गोंगाट समजून पुढे जातो, आणि आत मात्र आईशी फोनवर चाललेल्या बोलण्याचा स्वच्छ तुकडा असतो. मजकुरावरून तो ओळखणं अशक्य असतं. म्हणून सगळं ऐकायला वेळ नसेल तर हवामान, गाणी, गजर अशा सरळ मागण्या सोडून द्या आणि तीन प्रकारच्या नोंदी मात्र नक्की ऐका: अर्थ न लागणाऱ्या ओळी, हा आवाज अलेक्सासाठी नव्हता किंवा कळला नाही अशा अर्थाच्या ओळी, आणि घरात कुणी जागं नसायला हवं होतं अशा वेळच्या ओळी.

अशा नोंदी तयार कशा होतात? स्पीकर आपलं हाक मारण्याचं नाव ऐकण्यासाठी सतत कान देऊन असतो, पण आवाज कंपनीकडे पाठवायला सुरुवात करतो ते नाव ऐकू आलं असं वाटल्यावर, आणि त्यात नावाच्या आधीचा क्षणभराचा आवाजही जातो. घोळ त्या वाटण्यात आहे. फ्रेंचमध्ये आलेक्स नावाच्या माणसाबद्दल बोलताना «आलेक्स आ उब्लिए», म्हणजे आलेक्स विसरला, असं म्हटलं की त्यात ते नाव जसंच्या तसं उच्चारलं जातं. आणि आपल्याकडे? दार उघडल्यावर आतून घाईत विचारलेलं «आलेस का» म्हणून बघा. ध्वनीने ते त्या नावाच्या फारच जवळ आहे. संध्याकाळी कुणी घरी आल्याच्या वेळेला अर्थहीन नोंदी जमलेल्या दिसल्या, तर असं काही बोलणं झालं होतं का ते ऐकून पाहा.

तसं आढळलं तर `Appareils` मध्ये तुमचा स्पीकर उघडून त्याच्या सेटिंगमध्ये हाक मारण्याचा शब्द बदला. ‘एको’ हा छोटा शब्द आहे, पण मराठी बोलण्यात ‘ऐक’, ‘ऐका’ सतत येतं, म्हणून तोही विचार करून घ्या. शब्द बदलल्यावर काही दिवसांनी पुन्हा नोंदी बघा. अर्थहीन ओळी कमी झाल्या का, हेच शब्द बरोबर निवडल्याचं माप. त्याच सेटिंगमध्ये स्पीकर ऐकू लागताना छोटा आवाज करावा अशी सोयही आहे. ती चालू करा. निळा दिवा बघायला आपण नेहमी समोर नसतो, तो आवाज मात्र शेजारच्या खोलीतही कळतो.

एक ऑर्डर मागोवा घेत शोधणे

समजा, तुम्ही लिऑनला राहता, आई-बाबा नागपूरहून दोन महिन्यांसाठी आले आहेत, आणि बुधवारी दुपारी मुलगी घरी आहे, कारण फ्रान्समध्ये अनेक प्राथमिक शाळा बुधवारी बंद असतात. तुम्ही कचेरीत असताना ऑर्डर पक्की झाल्याचा ईमेल येतो: रंगीत स्केचपेनांचा संच.

पहिल्यांदा `Vos commandes` उघडा आणि ऑर्डर अजून निघाली नसेल तर `Annuler`, म्हणजे रद्द, करा. पाठवणी व्हायच्या आत हे करणं सर्वांत सोपं. मग तिथूनच, फोनवरून, `Achats vocaux` बंद करा. तोपर्यंत रेकॉर्डिंगला हात लावू नका.

आता ईमेलची वेळ बघा आणि नोंदींच्या पानावर तो दिवस आणि बैठकीतला स्पीकर निवडा. ईमेलच्या थोडं आधी एक नोंद सापडेल, `commande des feutres`, म्हणजे स्केचपेन मागव, अशी. ती ऐका, आणि तिच्या लगेच नंतरचीही ऐका. कारण खरेदी पहिल्या वाक्याने होत नाही, स्पीकरच्या प्रश्नाला दिलेल्या ‘हो’ने होते. पहिल्या नोंदीत मुलीचा आवाज, आणि दुसऱ्या नोंदीत आजोबांचा, प्रश्न न कळता दिलेला होकार, असंही निघू शकतं. आजोबांवर रागवण्यासारखं त्यात काही नाही. घरातल्या कुणालाही न कळणाऱ्या भाषेत पैशांचा प्रश्न विचारणारं यंत्र चालू राहू देऊ नये, एवढंच त्यातून ठरतं.

पार्सल निघालेलं असेल तरी वाट आहे. फ्रान्सच्या ग्राहक कायद्यानुसार दूरस्थ खरेदीत वस्तू हातात आल्यापासून 14 दिवसांत कारण न देता माघार घेता येते. याला काही अपवाद आहेत, त्यातला इथे लागू पडणारा म्हणजे डिजिटल सामग्री: तुमच्या संमतीने ती मिळायला सुरुवात झाली की हा हक्क बहुधा जातो. स्केचपेन परत करता येतील, आवाजाने घेतलेल्या डिजिटल गोष्टीबद्दल तशी खात्री नाही.

वाद वाढेल असं वाटलं तर पुसण्याआधी स्वतःच्या डेटाची प्रत मागवा. युरोपच्या डेटा संरक्षण नियमांच्या कलम 15 नुसार तो तुमचा हक्क आहे, आणि कंपनीला साधारणपणे एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. गुंतागुंतीच्या मागणीला आणखी दोन महिने लागू शकतात. उत्तर न मिळाल्यास फ्रान्समध्ये तक्रार सीएनआयएल या डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे करता येते. ॲमेझॉनचं युरोपातलं मुख्यालय लक्झेंबर्गमध्ये असल्याने अशा तक्रारीत तिथल्या प्राधिकरणाचाही भाग असतो, म्हणून निकाल लवकर लागेल अशी अपेक्षा धरू नये.

आता पुसणे, आणि पुढे किती दिवस साठवायचं ते ठरवणे

ऐकून झालं, हवी ती प्रत घेतली, की पुसायला हरकत नाही. नोंदींच्या पानावर एकेक नोंद किंवा निवडलेल्या काळातल्या सगळ्या नोंदी पुसता येतात. बटणावर `Supprimer` असतं. एकदा पुसलेलं परत येत नाही.

मग `Confidentialité` मधल्या `Gérer vos données Alexa` या पानावर जा. रेकॉर्डिंग किती काळ ठेवायची हे इथे ठरतं. पर्याय साधारण असे: मी पुसेपर्यंत ठेवा, 18 महिने, 3 महिने, किंवा ठेवूच नका. शेवटचा पर्याय निवडला तर तुमचं बोलणं हाताळून झाल्यावर आवाज ठेवला जात नाही, पण मागण्यांचा लिहिलेला मजकूर 30 दिवस राहतो. म्हणजे त्याच दिवशी सगळं नाहीसं होतं असं समजू नये.

लहान मुलं आणि आलेगेले पाहुणे असलेल्या घराला मी 3 महिन्यांचा पर्याय सुचवेन. काही ठेवूच नका म्हटलं तर पुढच्या वेळी अनोळखी ऑर्डर आली की ऐकायला काहीच नसेल. तीन महिन्यांत कार्डाची दोन-तीन बिलं येऊन जातात, तेवढ्यात शंका असेल ती निघते. ज्या घरात खरेदी आणि वर्गण्या दोन्ही बंद आहेत आणि काही महिने शांततेत गेले आहेत, त्यांनी मग काहीच न ठेवण्याकडे खुशाल जावं.

याच पानावर, तुमची रेकॉर्डिंग कंपनीने सेवा सुधारण्यासाठी वापरावी का, याचा वेगळा पर्याय आहे. तो बंद करा. 2019 मध्ये अशा रेकॉर्डिंगचे काही तुकडे माणसं बसून ऐकतात ही गोष्ट बाहेर आली, त्यानंतर ॲमेझॉनने त्यातून बाहेर पडण्याची सोय दिली. साठवण्याचा काळ कमी केला म्हणजे हा वापर थांबला असं होत नाही, म्हणून दोन्ही बटणं स्वतंत्रपणे बघा.

तोंडाने सांगून पुसण्याचीही सोय आहे, ती याच पानावर चालू करावी लागते. मग «अलेक्सा, सुप्रीम स क ज व्यँ द दीर» म्हटलं की नुकतंच बोललेलं पुसलं जातं, आणि «अलेक्सा, सुप्रीम तु स क ज्ये दी ओजुर्द्वी» म्हटलं की आजच्या दिवसाचं सगळं. ही सोय कामाची आहे, पण ती खोलीतला कोणीही वापरू शकतो. मुलीने स्केचपेन मागवून लगेच दिवसभराचं पुसायला शिकू नये असं वाटत असेल, तर ती बंदच ठेवा आणि पुसण्याचं काम ॲपमधून करा.

आई-बाबा फोनवर औषधांचं, जमिनीच्या कागदपत्रांचं बोलत असतील तेव्हा या कोणत्याही सेटिंगवर विसंबू नका. एकोच्या वरच्या बाजूला मायक्रोफोन बंद करण्याचं बटण आहे. ते दाबलं की दिवा लाल होतो आणि पुन्हा दाबेपर्यंत स्पीकरला हाक ऐकू जात नाही. फ्रेंच येत नसलेल्या आजीलाही हे एक बटण दाखवून ठेवता येतं.